गृहसंकुलातला छोटा जलतरण तलाव: खोली, चेंजिंग रूम आणि सुरक्षितता यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या कमिट्या तलावाचं काम काढतात तेव्हा बहुतेक चर्चा टाइल्सचा रंग आणि खर्च यांभोवती फिरते. आराखडा मात्र एकदा काँक्रीट झालं की बदलता येत नाही. म्हणून खालची सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर दिली आहेत. पाथर्डी फाट्याच्या बाजूला नव्वद फ्लॅटचं एक संकुल आहे असं धरू. तलावासाठी पूर्व-पश्चिम २८ मीटर आणि दक्षिणोत्तर १६ मीटर जागा आहे. तिच्या दक्षिणेला १२ मीटरवर सात मजली इमारत आहे, गच्चीच्या कठड्यासह २१ मीटर उंच. तुमची मापं वेगळी असतील, पण विचार करण्याची पद्धत हीच राहील.

एवढ्या जागेत तलाव नेमका कुठे घ्यायचा?

आधी डिसेंबरची सावली काढा. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे, त्यामुळे २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेशेहेचाळीस अंशांवर असतो. त्या कोनात २१ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे २० मीटर पडते. इमारत जागेपासून १२ मीटर लांब आहे, म्हणजे आपल्या जागेचा दक्षिणेकडचा ८ मीटरचा पट्टा हिवाळ्यात भर दुपारीही सावलीत राहणार. तिथे तलाव घेतला तर पाणी तापणारच नाही. नाशिकची थंडी पाहता तो तलाव डिसेंबर-जानेवारीत कोणी वापरणार नाही.

म्हणून दक्षिणेच्या ८ मीटरमध्ये ५ मीटर रुंदीची चेंजिंग रूमची इमारत आणि तिच्यापुढे ३ मीटरचा डेक घ्यायचा. त्याच्या उत्तरेला १२ बाय ६ मीटरचा तलाव आणि पलीकडे सीमेपर्यंत २ मीटरचा डेक. पश्चिमेकडून पूर्वेकडे मोजलं तर ८ मीटर लहान मुलांच्या तलावाचं आवार, अडीच मीटर डेक, १२ मीटर तलाव, २ मीटर डेक आणि शेवटी साडेतीन मीटर पंप रूम. बरोबर २८ मीटर होतात.

पंप रूम पूर्वेला घेण्यामागे वाऱ्याचा हिशेब आहे. नाशिकला वर्षाचा मोठा काळ वारा पश्चिमेकडून वाहतो आणि पाण्यावरची पानं, धूळ पूर्वेच्या भिंतीकडे ढकलतो. वरचा कचरा ओढून घेणारे दोन्ही स्किमर त्याच भिंतीत बसवले की वारा आपलं निम्मं काम करतो. ते पश्चिमेच्या भिंतीत बसवले तर कचरा दिवसभर विरुद्ध टोकाला तरंगत राहतो.

खोली किती ठेवायची? सहा फूट नसेल तर पोहणार कसं?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो आणि बहुतेक वेळा चांगलं पोहता येणाऱ्या दोन-चार जणांकडून येतो. आमचं उत्तर ठाम आहे. पश्चिमेच्या टोकाला ०.९ मीटर, म्हणजे तीन फूट, आणि पूर्वेच्या टोकाला १.२ मीटर, म्हणजे चार फूट. त्याहून खोल नको.

हा आकडा माणसाच्या हनुवटीवरून येतो. पाच फूट उंचीच्या बाईची हनुवटी जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर असते. १.२ मीटर पाण्यात तिला कुठेही उभं राहून श्वास घेता येतो. हीच खोली १.३५ मीटर केली की तोंड पाण्याखाली जातं. संकुलातल्या अनेक गृहिणी, आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं याच उंचीच्या आसपास असतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही आणि तलावाचा सर्वाधिक वापर तेच करणार असतात. पोहण्याच्या बाजूनं पाहिलं तर फ्रीस्टाइलला किंवा बॅकस्ट्रोकला १.२ मीटर पाणी पुरतं. हात तळाला लागत नाही.

खोल पाण्यात जे करता येतं आणि इथे येणार नाही, ते म्हणजे सूर मारणं. बारा मीटरच्या तलावात सूर मारू नयेच. डोकं तळावर आपटून मानेचा मणका मोडण्याचा धोका तिथे खरा आहे, आणि सहा फूट खोलीनंही तो संपत नाही, कारण उडी उथळ भागाकडे गेली तर मधे अंतरच नसतं. म्हणून सगळीकडे ‘सूर मारू नये’ असं काठावरच, पायाखाली दिसेल असं लिहायचं.

उताराचं गणितही इथे सोपं होतं. १२ मीटरमध्ये फक्त ३० सेंटिमीटर उतार, म्हणजे ४० ला १. इतक्या हलक्या उतारावर पाय घसरून कोणी खोल भागाकडे जात नाही. अर्धा तळ सपाट आणि पुढे एकदम उतार अशी रचना टाळा. तळ कुठे सुटतो हे वरून पाण्यात कळत नाही आणि न पोहणारा माणूस नेमका तिथेच फसतो.

शाळकरी मुलांसाठी ०.९ मीटरही जास्त नाही का?

काहींसाठी आहेच. सव्वा मीटर उंचीच्या मुलाची हनुवटी सुमारे १.०८ मीटरवर येते, तर १.१५ मीटरच्या मुलाची १ मीटरच्या आसपास. पहिलं मूल १ मीटर पाण्यात उभं राहू शकतं, दुसऱ्याला ०.९ मीटरलाही फार थोडी मोकळीक उरते. आपल्या उतारावर १ मीटर खोली पश्चिम भिंतीपासून ४ मीटरवर येते. तिथे तलावाच्या आडव्या बाजूला तरंगत्या गोळ्यांची दोरी कायमची बांधायची. दोरीच्या पुढे फक्त पोहता येणारे.

नियम वयावर न ठेवता उंचीवर ठेवा. प्रवेशाच्या दाराशेजारी भिंतीवर १.२ मीटरला एक ठळक रेघ ओढा. त्या रेघेहून बुटकं मूल मोठ्या तलावात उतरेल तेव्हा त्याचे आई-बाबा पाण्यातच आणि हात पोचेल इतक्या अंतरावर असले पाहिजेत. काठावर मोबाइल घेऊन बसलेले चालणार नाहीत. वयावर वाद होतात, रेघेवर होत नाहीत.

खोलीचे आकडे काठाच्या आडव्या फरशीवर आणि पाण्यावरच्या उभ्या भिंतीवर अशा दोन्ही ठिकाणी लिहा. ते मीटर आणि फूट दोन्हींत लिहा, कारण आपल्याकडे पाण्याचा अंदाज लोक फुटांतच घेतात. पायऱ्यांच्या कडांना गडद पट्टी द्या. तळाची टाइल मात्र फिकट ठेवा, पांढरी किंवा अगदी हलकी निळी. गडद निळ्या तळावर पाणी छान दिसतं खरं, पण तळाशी पडलेलं मूल त्यात हरवून जातं.

छोट्यांचा तलाव मोठ्याला जोडून, मधे फक्त एक भिंत घालून चालेल का?

नाही. त्यासाठी दोन वेगळी कारणं आहेत. पहिलं अंतराचं: रांगतं-चालतं मूल काही क्षणांत भिंत ओलांडतं. म्हणून पश्चिमेच्या ८ मीटरमध्ये ४ बाय साडेतीन मीटरचा, ३० ते ४५ सेंटिमीटर खोल तलाव आणि त्याभोवती स्वतःचं कुंपण व दार.

दुसरं कारण पाण्याचं. लहान मुलं पाण्यात शू करतात, कधी त्याहून वाईटही होतं. त्या तलावात पाणी जेमतेम सव्वापाच हजार लिटर, त्यामुळे क्लोरीन झपाट्यानं संपतं. त्याचा पंप आणि फिल्टर वेगळा हवा आणि सगळं पाणी तासाभरात एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. वेगळी व्यवस्था असेल तर एखाद्या दिवशी तोच तलाव बंद करून रिकामा करता येतो आणि मोठा तलाव चालू राहतो.

चेंजिंग रूममध्ये कशाशेजारी काय यावं?

चेंजिंग रूम हीच तलावाची एकमेव वाट असली पाहिजे, हे आधी ठरवा. बागेतून थेट डेकवर येता आलं की लोक चपला घालून, अंग न धुता पाण्यापर्यंत येतात, आणि पुढे कितीही पाट्या लावल्या तरी उपयोग होत नाही.

माणूस ज्या क्रमानं चालतो त्याच क्रमानं खोल्या लावा. आधी लहानसा प्रवेशकक्ष. तिथे चपलांचं कपाट आणि नोंदवही. तिथून स्त्रिया व पुरुषांचे वेगळे भाग. प्रत्येक भागात आधी कोरडा पट्टा, त्यात लॉकर आणि बाक. मग कपडे बदलण्याच्या बंद खोल्या, मग टॉयलेट, मग शॉवर, आणि शॉवरमधून बाहेर पडलं की डेक. टॉयलेट शॉवरच्या आधी यायला हवं. उलट झालं तर माणूस अंघोळ करून टॉयलेटला जातो आणि तसाच पाण्यात उतरतो. परतीच्या वाटेवर ओला माणूस लॉकरच्या पट्ट्यात पाणी सांडत येतो, म्हणून शॉवर आणि कोरडा पट्टा यांच्यामध्ये जाळीचा आडवा नाला घ्या आणि ओल्या भागाची फरशी नाल्याकडे ५० ला १ उतारावर ठेवा. फरशी खरखरीत, अँटिस्किड. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल इथे कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा.

डेकवर उघडणारं दार आपल्या उदाहरणात पश्चिमेकडे, उथळ टोकासमोर घेतलं आहे. धावत आलेलं मूल जिथे पाण्यात पडू शकतं तिथे पाणी सर्वात कमी असावं, यासाठी. तलावात उतरायच्या पायऱ्याही तिथेच, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, दक्षिणेच्या डेकमध्ये दीड मीटर आत घेतलेल्या. १५ सेंटिमीटर उंचीच्या सहा टप्प्यांत माणूस तळाला पोचतो आणि बाजूला धरायला स्टीलचा दांडा असतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना उभी शिडी जमत नाही. पूर्वेच्या टोकाला मात्र शिड्या पुरतात.

शॉवर आणि खोल्या किती लागतील?

पाण्यात एका वेळी किती जण, यावर ते ठरतं. माणशी ३ चौरस मीटर धरले तर ७२ चौरस मीटरमध्ये २४ जण. अर्धे पुरुष, अर्ध्या स्त्रिया. खरी गर्दी वेळ बदलताना होते: बारा जणी बाहेर येतात आणि बारा आत शिरतात. स्त्रियांच्या भागात तीन शॉवर, चार बदलायच्या खोल्या आणि दोन टॉयलेट घेतले तर निभावतं. पुरुषांकडे दोन शॉवर आणि दोन खोल्या पुरतात. दोन्ही भागांना समान क्षेत्रफळ देण्याची सवय सोडा. १४ मीटर लांबीच्या इमारतीत स्त्रियांना साडेपाच आणि पुरुषांना साडेचार मीटर द्या.

उरलेल्या ४ मीटरमध्ये प्रवेशकक्ष आणि एक कुटुंबाची खोली. ही खोली बहुतेक आराखड्यांत राहूनच जाते. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या बाबांनी कुठे जायचं, वयस्क आईला मदत करणाऱ्या मुलानं कुठे जायचं, याचं उत्तर तीच आहे. तिचं दार ९० सेंटिमीटर रुंद आणि आत चाकाची खुर्ची वळेल असं दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ ठेवलं की दिव्यांग रहिवाशांचीही सोय होते.

कुंपण कसं असावं? आधीच कंपाउंड वॉल आहे.

कंपाउंड वॉल बाहेरच्यांना अडवते. तलावात पडण्याचा धोका संकुलातल्याच मुलांना असतो. तलावाभोवतीचं कुंपण किमान १.२ मीटर उंच लागतं, आम्ही दीड मीटर घ्या म्हणतो. गज उभे आणि त्यांच्यातली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी. आडवे गज नकोत, कारण मूल त्यांवर पाय ठेवून चढतं. कुंपणाला लागून बाक, कुंडी किंवा एसीचं युनिट ठेवलं की उंची निरुपयोगी होते.

दार तलावापासून बाहेरच्या बाजूला उघडणारं, स्प्रिंगनं आपोआप मिटणारं आणि कडी आपोआप अडकणारी हवी. कडी दीड मीटर उंचीवर. महिन्यातून एकदा दार हाताएवढं उघडून सोडून द्या. कडी अडकली नाही तर त्याच दिवशी दुरुस्त करा. पंप रूमच्या बाजूला स्ट्रेचर जाईल असं १.२ मीटरचं दुसरं दार ठेवा. ते आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे.

तळाच्या जाळीत कोणी अडकू शकतं का?

हो, आणि हा धोका वरून दिसत नाही. तळाला एकच जाळी असेल आणि ती पोटानं किंवा पाठीनं झाकली गेली, तर पंपाची सगळी ओढ एका ठिकाणी येते. मोठ्या माणसालाही ती सोडवता येत नाही. मोकळे लांब केसही जाळीत गुंततात. अमेरिकेत यासाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

उपाय साधा आहे, पण काँक्रीट ओतण्याआधीच करावा लागतो. तळाला दोन जाळ्या, एकमेकींपासून किमान ९० सेंटिमीटरवर, एकाच पाइपला जोडलेल्या आणि मधे झडप न घेता. एक झाकली गेली तर पाणी दुसरीतून येतं आणि ओढ सुटते. झाकणं फुगीर, अँटी-एन्ट्रॅपमेंट प्रकारची आणि स्क्रूनं घट्ट बसवलेली. झाकण तुटलं किंवा निघालं असेल तर तलाव त्या क्षणी बंद. पंपाचं लाल बटण जीवरक्षकाच्या हाताशी हवं. ते पंप रूमच्या कुलपामागे असून चालत नाही.

जीवरक्षकाची खुर्ची कुठे?

दक्षिणेच्या डेकवर, दोरीच्या रेषेत. तिथे बसलेल्या माणसाचं तोंड उत्तरेकडे असतं, त्यामुळे हिवाळ्यातलं दक्षिणेचं ऊन त्याच्या पाठीशी राहतं आणि सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य समोर येत नाही. पाण्यावर चकाकी असेल तर तळ दिसत नाही. त्याच्याजवळ लांब काठी, दोर बांधलेली रिंग आणि प्रथमोपचार पेटी. रोज सकाळी त्यानं खुर्चीवरून तळाच्या दोन्ही जाळ्या स्पष्ट दिसतात का पाहायचं. दिसत नसतील तर पाणी गढूळ आहे आणि कोणालाही उतरू द्यायचं नाही.

फिल्टर, रसायनं आणि वीज यांसाठी आराखड्यात काय सोडायचं?

सरासरी खोली १.०५ मीटर, म्हणजे पाणी सुमारे ७५,६०० लिटर. ते चार तासांत एकदा फिरवायचं तर पंपाला तासाला १९ हजार लिटर ओढावे लागतात. त्याला ९० सेंटिमीटर व्यासाचा वाळूचा फिल्टर पुरतो. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.६ यांची रोज नोंद ठेवा.

रसायनांचं कपाट पंप रूममध्ये नको. त्याला वेगळी, हवेशीर, कुलूपबंद जागा द्या आणि क्लोरीनची पावडर व ॲसिड वेगवेगळ्या फळ्यांवर नव्हे, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच. काठापासून साडेतीन मीटरच्या आत एकही सॉकेट नको आणि सगळ्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा.

पावसाळ्यात तलाव रिकामा करून ठेवला तर?

नाशिकमध्ये हे करू नका. इथे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ असतो. कातळात खोदलेला खड्डा बशीसारखा असतो: पावसाचं पाणी तलावाच्या भिंतीमागून आत झिरपतं, पण बाहेर जायला वाट नसते. ते पाणी रिकाम्या तलावाला खालून उचलतं. २० सेंटिमीटर जाडीचा तळ स्वतःच्या वजनानं साधारण अर्धा मीटर पाण्याचाच दाब तोलतो, भिंतींचं वजन धरून थोडा अधिक. त्यापुढे तळाला भेग पडते किंवा अख्खी टाकी एका बाजूनं वर येते. भरलेल्या तलावाला हा धोका नसतो.

म्हणून तळाखाली खडीचा थर आणि भोकं पाडलेला पाइप घालून तो एका लहान विहिरीत सोडा. शिवाय डेकमधून खडीपर्यंत जाणारा एक उभा पाइप ठेवा. दुरुस्तीसाठी तलाव उपसायचाच असेल तर आधी त्या पाइपात काठी घालून पाहा. ती ओली निघाली तर विहिरीतलं पाणी आधी उपसा, मग तलाव.

काम पूर्ण झाल्यावर गळती कशी तपासायची?

टाइल लावण्याआधी तपासा; नंतर गळती सापडली तर टाइल फोडाव्या लागतात. कंत्राटात पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठीचं आयएस ३३७० हे मानक लिहून घेतलेलं असावं. काँक्रीट पिकल्यावर तलाव काठोकाठ भरा, काही दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्या आणि मग पातळीवर खूण करा. पंप बंद ठेवा. तलावातल्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा आणि तिच्यातल्या पाण्यावरही खूण करा. उन्हानं दोन्हींतलं पाणी सारखंच आटतं. सात दिवसांनी दोन्ही खुणा मोजा. तलावाचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं असेल तर तेवढं गळलं, आणि ते एक सेंटिमीटर जरी असलं तरी ७२ चौरस मीटरला ७२० लिटर होतात. पाणी कुठल्या पातळीला येऊन थांबतं तेही पाहा. गळती बहुधा त्याच पातळीवरच्या पाइपच्या किंवा दिव्याच्या भोकाभोवती सापडते.